सासूबाईंच्या कंबरेची रजा

रजेचा मेल कसा लिहायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बारा वर्षं मी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघतेय. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कंटेनरचे नंबर. एक आकडा चुकला तर माल बंदरात अडकतो. अशा बाईला साडेचार ओळींचा मेल लिहायला चार दिवस लागले, म्हणजे बघा.

आमचं ऑफिस सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. आमचे साहेब अक्कलकोटकडचे, घरात कानडी, ऑफिसात मराठी आणि चिडले की पुन्हा कानडी. माणूस सरळ, पण दोन खोडी होत्या. पहिली, रजेचा मेल त्यांना एकट्याला चालायचा नाही. सगळ्या डिपार्टमेंटला कॉपी टाकायची, "म्हणजे काम कोण उचलणार ते कळतं." दुसरी, त्यांना स्क्रीनवर वाचलेलं पटायचंच नाही. आलेला प्रत्येक मेल ते प्रिंट करायचे, हिरव्या पेनानं सही करायचे आणि फाइलला लावायचे. प्रिंटर दारात, पाण्याच्या कूलरशेजारी. कुणाच्या मुळव्याधीचं ऑपरेशन कधी आहे, हे आमच्याकडे पाणी प्यायला गेलेल्या माणसाला आधी कळायचं.

आणि मला मागायची होती मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांसाठी रजा. लग्नाला नऊ वर्षं झालेली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी आजवर मला तीन देव, दोन काढे आणि एक झोपायची दिशा सुचवलेली होती. त्यांना माझ्या अंडाशयाची बातमी कूलरपाशी मिळाली असती, तर संपलंच की सगळं.

तुम्ही म्हणाल, न सांगता जायचं. तेच तर केलं होतं. आदल्या वर्षी सोप्या उपचाराचे दोन प्रयत्न झाले. अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत बघायचं आणि नेमक्या वेळी पुढचं करायचं. मी दाताचं, बँकेचं, गॅस सिलिंडरचं निमित्त काढून जात होते. दुसऱ्या वेळी नेमका तपासणीच्या दिवशी कंटेनर निघायचा होता. सांगणार काय? बसले मुकाट कागद करत. दोन दिवसांनी गेले तेव्हा अंडं कधीच फुटून गेलेलं. डॉक्टरबाई मशीनकडे बघत म्हणाल्या, "वेळ गेली." पोटात टोचून घेतलेल्या सगळ्या सुया फुकट. टॉवेल मात्र वेळेवर पोचले. त्या दिवशी घरी येताना मला त्या टॉवेलांचा इतका राग आला होता की आंघोळीनंतर अंग कशानं पुसावं कळेना.

आता आयव्हीएफ करायचं ठरलं होतं. डॉक्टरबाईंनी बजावलं, "या वेळी ऑफिसात आधी सांगून ठेवा. पाळीच्या दुसऱ्या दिवशी यायचं, मग रोज इंजेक्शन आणि दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी. अंडी काढायची तारीख मला आज विचारू नका. ती दोन दिवस आधी कळेल."

"साहेब तारीख विचारतील," मी म्हटलं.

"त्यांना सांगा, ती मी ठरवत नाही. तुमचं शरीर ठरवतं."

छान. हे मी साहेबांना सांगू? कूलरपाशी?

म्हणून चार दिवस मसुदे चालले. ऑफिसात मेल इंग्रजीत असतात, आमच्या आमच्या इंग्रजीत, इथे मराठीतच सांगते. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवायची. पहिल्या मसुद्यात मी सगळंच लिहून टाकलं, गर्भाशयासकट. नवरा म्हणाला, "हा मेल आहे की केसपेपर?" दुसऱ्यात 'वैयक्तिक कारण' एवढंच. तो म्हणाला, "त्यांना वाटेल पुण्याला इंटरव्ह्यू देतीयस." तिसऱ्यात थायरॉईड. चौथ्यात त्यानं सुचवलं, पोटाचा त्रास लिही.

"महिनाभर पोटाचा त्रास? लोक काय म्हणतील, काय खाते ही बाई?"

नवऱ्याचं बरं होतं. तपासण्यांसाठी त्यानं त्याच्या ऑफिसात दोनदा रजा टाकली होती, कारणाच्या जागी 'काम आहे'. कुणी विचारलं नाही कसलं काम. त्याच्या वाटचं काम दहा मिनिटांचं होतं आणि त्यासाठी गड्यानं पूर्ण दिवस रजा घेतलेली. मी हे बोलून दाखवलं तर मान खाली घालून गवार मोडत बसला.

शेवटी सातवा मसुदा गेला. "घरातील वैद्यकीय उपचारांमुळे पुढील दोन-तीन महिने मला काही दिवस सकाळी उशिरा येण्याची व एक-दोन दिवस पूर्ण रजेची गरज पडेल. तारखा ऐनवेळी कळतील. काम अडणार नाही याची काळजी घेईन." ताकास तूर लागू दिली नव्हती. मला माझाच अभिमान वाटला.

साहेबांनी प्रिंट काढला. कूलरपाशी दिवसभर लोक पाणी पीत होते. सही मात्र झाली नाही. "बघू," म्हणाले. त्या 'बघू'नं माझा जीव टांगणीला लागला, कारण पाळी आठवड्यावर आलेली.

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. उघडते तर साहेब. हातात सफरचंदांची पिशवी. मागे शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दोन शहाळी घेऊन, आणि त्यांच्या मागे डिपार्टमेंटमधले अजून तिघं, चपला काढायला सुरुवात केलेले.

"बघायला आलो," साहेब म्हणाले.

"कुणाला?"

"सासूबाईंना. मेल वाचल्यावर राहवलं नाही. तुम्ही बोलला नाहीत, पण घरात आजारी पडण्यासारखं दुसरं आहे कोण?"

मी कपाळावर हात मारून घ्यायची तेवढी राहिले. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जातातच. न जाणं म्हणजे वैर. आता आपल्या मेलमध्ये पेशंटचं नाव नव्हतं, तर यांनी वयाप्रमाणे नेमून टाकला. आणि आमच्या सासूबाई त्या क्षणी कुठे होत्या? गच्चीवर. मंगळवेढ्याकडच्या रानात जन्म काढलेली बाई, सत्तरी ओलांडली तरी उन्हात मिरच्या वाळवत, खालच्या भंगारवाल्याशी भावावरून भांडत होती. आवाज घरात ऐकू येत होता.

त्यांना उपचारांचं काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आमचा असा समज होता. वर्षभर दवाखान्यात जाताना मी 'थायरॉईड' म्हणायची आणि त्या 'बरं' म्हणायच्या.

मी काही बोलायच्या आत त्या जिन्यानं तरातरा खाली उतरल्या, काखेत मिरच्यांनी भरलेलं सूप. खोलीत पाच पाहुणे, टेबलावर सफरचंदं, शहाळी.

"आजी, तब्येत कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी सफरचंदांकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. तिथं काय दिसलं देव जाणे. त्यांनी सूप हळूच खाली ठेवलं, एक हात कमरेवर नेला आणि भिंतीला धरून अशा काही बसल्या की साहेब उठून आधाराला धावले.

"काय सांगू सायेब," त्या कण्हल्या, "कंबार. हितनं कळ निगती ती पार टाचंपतूर जाती. रातीचा डोळ्याला डोळा न्हाय."

"मग गच्चीवर कशाला गेलात?" मॅडमनी विचारलं. मॅडमना मी ओळखते. त्यांना वास आला होता.

"डाक्टरीनबाई म्हनली, हालचाल ठिवा. बसलं तर आकडतंय की."

"कुठल्या डॉक्टर?"

"ते सुनंला इचारा. म्या काय शिकल्याली हाय व्हय? ती निती, म्या जाती. आनि तारीक बी आदी सांगत न्हाईत, बाई. ऐनवेळी कळती. पर काम न्हाई आडनार तुमचं, ती काळजी घील."

तो माझा सातवा मसुदा होता, जसाच्या तसा, फक्त मंगळवेढ्याच्या भाषेत.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, रजेची काळजी करू नका," ते मला म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला. जाताना एकेकानं सासूबाईंच्या पाया पडून घेतलं आणि त्यांनी प्रत्येकाला कण्हत कण्हत आशीर्वाद दिला.

दार लागलं तशा त्या ताडकन उठल्या आणि सूप उचललं.

"आत्या," मी म्हटलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"भाजी निवडताना चार दीस वरडून वाचत व्हतीस. म्या भैरी न्हाई."

"म्हणजे तुम्हाला..."

"मला वरीसभर ठावं हाय. मागल्या टायमाला दोनदा लाईट गेली, तुझ्या सुयांचा डबा फ्रिजात तापत व्हता. म्या शेजारनीच्या फ्रिजात निऊन ठिवला, तिच्याकडं इनव्हर्टर हाय. लाईट आली का आनला परत."

"शेजारणीला काय सांगितलंत?"

"माजं विन्सुलिन म्हनून सांगितलं. तवापासनं तिच्याकडं बिनसाकरंचा च्या पेती. लई घान लागतो."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. नऊ वर्षांत या बाईनं मला एकदाही विचारलं नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ लावला होता की बाई मनात धुसफुसत असणार. धुसफुसत कसली, ती शेजारी फिका चहा पीत होती! मला माझीच लाज वाटली.

"का नाही बोललात?"

"तू सांगत नव्हतीस. मग म्या कशाला इचारू?" म्हणाल्या आणि गेल्या गच्चीवर.

आता इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा मेव्हणा हाडांचा डॉक्टर. त्यांनी परस्पर आजींसाठी गुरुवारची वेळ घेऊन ठेवली होती. "आणि रजेच्या फाइलला आजींचं सर्टिफिकेट तेवढं लावा, म्हणजे मी सही करतो."

मी जागेवर येऊन बसले. मनात म्हटलं, आता सत्तरी ओलांडलेल्या ठणठणीत बाईचा एक्स-रे काढा, तिच्या नावानं खोटं सर्टिफिकेट आणा, आणि हे सगळं कशासाठी? तर मी आजारी नसताना, गुन्हा केलेला नसताना, सकाळचे दोन तास मागतेय म्हणून. माझं डोकं फिरलं. खोटं पचलं असतं, नाही असं नाही. पण साहेबांच्या डोळ्यांतलं ते पाणी मला पचेना.

दुपारच्या सुट्टीत दवाखाना गाठला आणि पत्र मागितलं. काउंटरवरच्या मुलीनं पॅड काढलं. त्यावर एक गुटगुटीत बाळ, कमळात बसलेलं, माझ्याकडे बघून हसतंय. म्हटलं, हे साहेबांना देऊ? याच्यापेक्षा छतावर भोंगा लावते. डॉक्टरबाईंनी हसून दुसरं पॅड काढलं, साधं, हॉस्पिटलचं नाव-पत्ता असलेलं. "अर्ध्या बायका हेच पॅड मागतात," म्हणाल्या. लिहिलं एवढंच: या माझ्या देखरेखीखाली उपचार घेत आहेत, ऐनवेळी तपासणीला बोलवावं लागेल, एका छोट्या प्रक्रियेनंतर विश्रांती लागेल. रोगाचं नाव नाही, कारण रोग नाहीच.

परत येऊन मेल लिहिला. या वेळी मसुदा एकच, दहा मिनिटांत.

"सर, हा मेल फक्त तुम्हाला आहे. आधीच्या मेलमधली पेशंट मी आहे, सासूबाई नाहीत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत काही दिवस मला सकाळी तपासणीला जावं लागेल. आदल्या संध्याकाळी कळवीन, साडेअकरापर्यंत पोचेन आणि तेवढा वेळ संध्याकाळी भरून देईन. एका प्रक्रियेसाठी दोन दिवस पूर्ण रजा लागेल, ती तारीख दोन दिवस आधी कळेल. कंटेनरचे कागद आदल्या दिवशी तयार ठेवीन. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. उपचार कसले, हे सांगायची माझी इच्छा नाही. शनिवारी तुम्हाला फसवलं गेलं, त्याची माफी मागते. कृपया हा मेल प्रिंट करू नये."

पाठवला आणि कान प्रिंटरकडे लावून बसले. दर वेळी तो घरघरला की मी ग्लास घेऊन कूलरपाशी. एकदा कागद बाहेर आला तशी मी धावत जाऊन बघितला, तर धाग्याचं कोटेशन. मॅडम म्हणाल्या, "किती पाणी पिता हो आज?"

चार वाजता साहेबांनी बोलावलं. ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"वाचला," ते म्हणाले. "स्क्रीनवर."

मी केबिनचं दार लोटून घेतलं.

"मी विचारणार नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. तुमच्या नावानं नाही." मग जरा थांबून, "आजींना खरंच काही नाही?"

"काही नाही, सर."

"काय कण्हल्या हो त्या!" आणि साहेब हसले. मग पुन्हा कॅलेंडरकडे वळले. "बाहेर काय सांगायचं? फाइलला पहिलाच मेल आहे, सगळ्यांनी वाचलेला. तो तसाच राहू द्यावा म्हणतो. पण आजींना विचारा, त्यांची हरकत नसेल तर. आणि मॅडम, कंटेनर चुकला तर मी ओरडणार. ते सोडणार नाही."

"ओरडा, सर," मी म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर पहिल्या मेलच्या प्रिंटवर हिरवी सही ठोकली आणि मेव्हण्याला फोन लावून कानडीत गुरुवारची वेळ रद्द केली.

सासूबाईंची हरकत नव्हतीच. मग सुरू झालं सगळं. आदल्या संध्याकाळी मी साहेबांना मेसेज टाकायची, "उद्या सासूबाईंना नेतेय." त्यांचं उत्तर, "नेऊन आणा." मी पोटात सुया घेत होते, सकाळी दवाखान्याच्या बाकावर रांगेत बसत होते आणि साडेअकराला टेबलावर हजर. एकही कंटेनर चुकला नाही. अंडी काढायची तारीख ठरली ती दोनच दिवस आधी, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तश्शी. त्या दिवशी नवरा माझ्याबरोबर होता, त्याचं दहा मिनिटांचं काम उरकून पुढचा सगळा वेळ बाहेर बसून राहिला. भूल उतरल्यावर पहिलं तोंड त्याचं दिसलं. म्हणाला, "काम झालं." मी म्हटलं, "कुणाचं?"

इकडे सासूबाईंची कंबर ऑफिसात गाजत होती. मॅडमनी तिळाच्या तेलाची बाटली पाठवली. एकदा मंडईत सासूबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन झपाझप चाललेल्या आणि समोरून मॅडम. सासूबाईंनी तिथल्या तिथं पिशव्या खाली ठेवल्या आणि लंगडायला लागल्या. मॅडमनी त्यांना रिक्षात बसवून दिलं. मला घरी येऊन सांगतात, "पाय कुटला दुकतो ते इसारले बग. आता डावाच धरून चालते."

एकूण तीन गर्भ तयार झाले. तिन्ही गोठवून ठेवले आणि पुढच्या महिन्यात त्यातला एक आत सोडला. मग पंधरा दिवस वाट बघायची. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगणार नाही. तेवढं माझ्याकडेच राहू द्या.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी फोनवर आला. मी टेबलावर बसूनच उघडला. नाही. मी पॅकिंग लिस्ट पुरी केली, सगळे आकडे दोनदा तपासले, पाठवली आणि घरी आले. वाटेत मला एकदाही रडू आलं नाही. नुसतं पोकळ वाटत होतं, घशापासून खाली सगळं.

सासूबाई भाकरी थापत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"नाही झालं, आत्या."

त्यांचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली.

"डाक्टरीनबाई काय म्हनली?"

"अजून दोन ठेवलेत गोठवलेले. दोन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या."

त्यांनी भाकरी फुगेपर्यंत वाट बघितली. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मग म्या आनखी दोन म्हयनं आजारी ऱ्हाते की. मला काय धाड भरलीया? तू सायबाला कळीव."

तेव्हा रडले. ओट्याशीच, मोठ्यांदा, नऊ वर्षांचं एकदम. त्यांनी गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातानं माझं डोकं धरून ठेवलं. केसांत पीठ झालं.

डोळे पुसून मी साहेबांना मेसेज टाकला. "सर, सासूबाईंना या वेळी गुण आला नाही. अजून दोन-तीन महिने न्यावं लागेल."

उत्तर दोन मिनिटांत आलं. "मंजूर. सासूबाईंना जपा. उद्या त्यांना बरं वाटत नसेल तर येऊ नका."

मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं.

"बग," सासूबाई म्हणाल्या आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली, "जप म्हनतोय न्हवं? खा मग आदी."